घरात आजारपण किंवा मृत्यू, आणि हातात परत न मिळणाऱ्या सहलीची तिकिटं: काय करायचं, कोणत्या क्रमाने

इथे एकच प्रसंग धरला आहे. पुण्यातलं चौघांचं कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलं, मे महिन्यात पॅरिस आणि स्वित्झर्लंडला निघालेलं. तिकिटं आणि हॉटेलं स्वतःच काढलेली, स्वस्त पडतं म्हणून बहुतेक ‘नॉन-रिफंडेबल’. निघायला काही दिवस असताना गावी नवऱ्याच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका येतो, ते आयसीयूत भरती होतात आणि तिथेच त्यांचं निधन होतं. आमच्या घरी जवळजवळ हेच झालं. तेव्हा ज्या गोष्टी तुकड्यातुकड्यांनी, दहा जणांना विचारून कळल्या, त्या इथे क्रमाने लिहिते. केरळ किंवा कोकणच्या सहलीलाही यातलं बरंचसं लागू पडतं, फक्त विम्याचा भाग तिथे बहुधा नसतोच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विमा कंपनी तुम्हाला सहलीचे पैसे देत नाही. इतरांकडून जे परत मिळालंच नाही, तेवढंच देते. त्यामुळे हॉटेलशी बोलणं आणि विम्याचा क्लेम ही दोन वेगळी कामं नाहीत. हॉटेलने दिलेला लेखी नकार हा क्लेमचा कागद असतो.

१. पहिल्या दिवशी: एक माणूस नेमा

ज्याचे वडील आयसीयूत आहेत त्याने ग्राहक सेवेच्या रांगेत फोन धरून बसू नये. चुलतभाऊ, मेहुणी, शेजारचा विश्वासू मुलगा, कोणीही एक जण या कामाला लावा. त्याला बुकिंगच्या ईमेलचा प्रवेश द्या. ज्या फोनवर ओटीपी येतात तो फोनही त्याच्याजवळ ठेवा. अर्ध्या कामांचं घोडं ओटीपीवरच अडतं, कारण फोन मुलाच्या खिशात आणि मुलगा आयसीयूच्या दाराशी, जिथे फोन बंद ठेवायला सांगतात.

आपल्याकडे ‘तेरावा होऊ दे, मग बघू’ असं सहज म्हटलं जातं. विधी जरूर करा, पण विमान तेराव्यासाठी थांबत नाही. उड्डाणाची वेळ टळली की तुम्ही ‘नो-शो’ ठरता. नो-शो आणि रद्द केलेलं तिकीट यांत पैशांचा मोठा फरक असतो. तिकीट रद्द करणं आणि विमा कंपनीला कळवणं ही दोन कामं सुतकातही करावी लागतात. बाकीचं थांबू शकतं.

२. पॉलिसी उघडा आणि चारच गोष्टी शोधा

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. सहल रद्द होण्याचं संरक्षण मात्र व्हिसासाठी लागत नाही. म्हणून व्हिसाच्या घाईत घेतलेल्या सर्वांत स्वस्त पॉलिसीत ते नसण्याची शक्यता असते. मुखपृष्ठावरच्या तक्त्यात ‘ट्रिप कॅन्सलेशन’ ही ओळ आहे का आणि समोर किती डॉलर लिहिलेत, ते सगळ्यात आधी बघा. ‘ट्रिप कर्टेलमेंट’ किंवा ‘इंटरप्शन’ म्हणजे निघाल्यानंतर सहल अर्धवट सोडणं. ते इथे कामाचं नाही.

दुसरी गोष्ट तारीख. रद्द होण्याचं संरक्षण पॉलिसी घेतल्या दिवसापासून प्रवास सुरू होईपर्यंत चालतं. त्यामुळे ती बुकिंगबरोबरच घेतलेली बरी, व्हिसाच्या आदल्या दिवशी नाही. आजारपण सुरू झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीचा या कामी उपयोग नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘जवळचे नातेवाईक’ कोण. इथे आपली एकत्र कुटुंबाची कल्पना आणि पॉलिसीची व्याख्या यांची गाठ पडत नाही. आईवडील, पती-पत्नी, मुलं साधारण असतात, भावंडं बहुतेक वेळा असतात. सासू-सासरे कधी असतात, कधी नसतात. आजोबा, काका, आत्या यांची खात्री धरू नका, मग त्यांनीच तुम्हाला वाढवलेलं असलं तरी. आमच्या उदाहरणात मुलाचे वडील गेले, म्हणून त्याचा क्लेम सरळ आहे. सुनेचा क्लेम व्याख्येत सासरे असतील तरच सरळ. नातवंडांचं काय? त्यांच्यासाठी ‘सहप्रवासी’ हे कलम शोधा. एकाच बुकिंगमध्ये असलेल्या आणि विमा काढलेल्या व्यक्तीला जवळच्या माणसाच्या मृत्यूमुळे जाता आलं नाही, तर बरोबरच्यांनाही संरक्षण, अशी तरतूद बऱ्याच पॉलिसींत असते. मुलांच्या क्लेमच्या कारणात तेव्हा ‘आजोबांचं निधन’ लिहू नका, ‘सहप्रवासी वडिलांना प्रवास रद्द करावा लागला’ असं लिहा. दोन्ही खरंच आहे, पण कलमात बसतं ते दुसरं.

चौथी गोष्ट, आधीपासूनचे आजार. यावर पुढे कागदपत्रांत बोलू, कारण अडचण खरी तिथेच येते.

चारही पाहून झाल्यावर पॉलिसीवरच्या क्लेम नंबरवर फोन करा, मागोमाग ईमेल पाठवा आणि क्लेम क्रमांक लिहून ठेवा. कळवायला उशीर झाला असेल तरी सोडून देऊ नका. उशिराचं कारण खरं आणि पटण्यासारखं असेल तर केवळ उशीर झाला म्हणून क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलेलं आहे.

३. ‘बघू, बरे होतील’ आणि रद्द करण्याची तारीख

सगळ्यात अवघड पायरी हीच. माणूस आयसीयूत आहे, डॉक्टर म्हणतात दोन दिवस बघू, आणि घरात सहल रद्द करण्याचं नाव काढणं म्हणजे अपशकुन. पण हॉटेल आणि सहल कंपनी यांचे रद्द शुल्काचे टप्पे तारखेप्रमाणे चढत जातात. विमा कंपनी पुढे विचारते की जाता येणार नाही हे कधी कळलं आणि रद्द कधी केलं. या दोन तारखांमध्ये उगाच अंतर पडलं असेल, तर तेवढ्या वाढलेल्या शुल्काला ती नकार देऊ शकते.

म्हणून डॉक्टरांना एक सरळ प्रश्न विचारा: ‘अमुक तारखेला मुलाने परदेशी जाणं तुमच्या मते योग्य आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ते त्याच दिवशीच्या तारखेने लिहून घ्या. त्या कागदामुळे तुमचा रद्द करण्याचा दिवस ठरतो आणि पुढचा वाद मिटतो.

४. विमानाचं तिकीट

मूळ भाडं गेलं तरी वैधानिक कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं. भारतीय विमान कंपन्यांवर हे विमान वाहतूक नियामकाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमाने बंधनकारक आहे, आणि रद्द शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांपेक्षा जास्त लावता येत नाही. परदेशी कंपनी असेल तर परताव्याला तिच्या देशाचे नियम लागतात, तरी न वापरलेल्या तिकिटावरचे कर मागायचेच. ‘टॅक्सेस’च्या रकान्यात इंधन किंवा कंपनीचा स्वतःचा अधिभारही मिसळलेला असतो आणि तो बहुधा परत येत नाही. त्यामुळे अख्खा रकाना परत येईल असं धरून चालू नका.

निधन झालं असेल तर कंपनीला वेगळा ईमेल करून सवलत मागा. काही कंपन्या रद्द शुल्क सोडतात, काही तारीख बदलून देतात. मिळो न मिळो, ‘इतकी रक्कम भरली, इतकी परत केली, इतकी जप्त’ असं लिहिलेलं रद्द-पत्र मागून घ्या. तिकीट संकेतस्थळावरून किंवा एजंटकडून काढलं असेल तर विमान कंपनी तुम्हाला तिकडेच पाठवेल, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

५. हॉटेलशी बोलणं

पहिला सापळा हा: संकेतस्थळावर ‘कॅन्सल’चं बटण घाईने दाबू नका. ते दाबलं की शुल्क लागतं, बुकिंग संपतं आणि तारीख बदलून देण्यासारखं हॉटेलकडे काही उरत नाही. आधी विनंती करा, उत्तराला एक-दोन दिवस द्या, मग बटण. पण चेक-इनच्या तारखेआधी बटण दाबलेलंच असलं पाहिजे.

दुसरा सापळा टोलवाटोलवीचा. पैसे संकेतस्थळाने घेतलेले असतात आणि सूट द्यायची की नाही हे हॉटेलच्या हातात असतं. संकेतस्थळ म्हणतं हॉटेलला विचारा, हॉटेल म्हणतं आमच्याकडे पैसेच नाहीत. यावर उपाय म्हणजे हॉटेलला थेट फोन करून आरक्षण विभागाच्या व्यवस्थापकाला मागणं. रिसेप्शनवर रात्रपाळीला बसलेल्या मुलाला अधिकार नसतो. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. त्याच्याकडून फक्त व्यवस्थापकाचं नाव, ईमेल आणि कामाची वेळ घ्या. व्यवस्थापकाचा होकार ईमेलवर आला की तो संकेतस्थळाला पाठवायचा आणि फोन करून सांगायचं की हॉटेलने शुल्क सोडायला संमती दिली आहे, तुम्ही खात्री करून परतावा सुरू करा.

ईमेल लहान ठेवा. दुःखाचं वर्णन एक ओळ पुरे. मजकूर साधारण असा, इंग्रजीत करून पाठवायचा:

> आरक्षण क्रमांक अमुक, 12 ते 17 मे, चार जण. माझ्या वडिलांचं 4 मे रोजी निधन झालं, त्यामुळे आम्ही येऊ शकत नाही. दर परत न मिळणारा आहे हे मला माहीत आहे. खोली तुम्हाला पुन्हा देता यावी म्हणून आजच कळवत आहे. पुढीलपैकी काय शक्य आहे ते कृपया सांगा: पूर्ण रक्कम परत, किंवा खोली पुन्हा विकली गेल्यास त्या रात्रींचे पैसे परत, किंवा वर्षभरात वापरता येईल अशी तारीख. यातलं काहीच शक्य नसेल, तर ‘काही रक्कम परत मिळणार नाही’ एवढं उत्तरात लिहा. विमा कंपनीला ते दाखवावं लागतं. मृत्यूचा दाखला मिळताच पाठवतो.

‘दर परत न मिळणारा आहे हे माहीत आहे’ ही ओळ काढू नका. नाहीतर पहिलं उत्तर हमखास अटींची नक्कल असतं आणि त्यात दोन दिवस जातात. ‘खोली पुन्हा विकल्यास’ हा पर्याय सुट्टीच्या हंगामात चांगला चालतो, कारण तेव्हा खोली रिकामी राहत नाही आणि व्यवस्थापकाला स्वतःच्या खिशातून काही द्यावं लागत नाही. एखाद-दोन खोल्यांच्या घरगुती मुक्कामाच्या मालकाशी मात्र नरमाईने बोला. त्याचं आठवड्याचं उत्पन्न कदाचित तुमचंच बुकिंग असतं.

तिसरा सापळा विम्याशी जोडलेला आहे. हॉटेल किंवा सहल कंपनी ‘क्रेडिट नोट’ देऊ करते आणि आपण आनंदाने घेतो. मग विमा कंपनी म्हणते, तुमची रक्कम तुम्हाला मिळाली, नुकसान कुठे आहे? विम्यात ती रक्कम बसत असेल तर क्रेडिट नोटपेक्षा लेखी नकार जास्त मोलाचा ठरतो. विमा नसेल किंवा मर्यादा कमी असेल तर क्रेडिट नोट घ्या, पण वैधता किती महिने आणि दुसऱ्याच्या नावावर वापरता येते का, हे दोन्ही लेखी घ्या.

६. दवाखान्याचे आणि नगरपालिकेचे कागद

क्लेम तपासणाऱ्या माणसाला तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: गेलेली व्यक्ती तुमची कोण, कधी काय झालं, आणि कशामुळे. तुमचे सगळे कागद या तीन प्रश्नांवर एकच उत्तर देतात ना, ते पाठवायच्या आधी तुम्हीच तपासा.

नात्याच्या बाबतीत आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा. झटका आला त्या रात्री शेजाऱ्याने ‘नानासाहेब’ म्हणून भरती केलं. आधारवर ‘नारायण’. मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘नारायणराव’. माणूस एकच, पण कागदावर तिघे झाले. दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीवर आधार दाखवून नाव तिथेच, मुक्काम चालू असतानाच दुरुस्त करून घ्या. एकदा अंतिम बिल निघालं की तेच काम आठ दिवसांचं होतं. मृत्यूची नोंद करतानाही आधारप्रमाणेच नाव द्या. ‘राव’, ‘साहेब’ यांचा फरक उरलाच, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. नात्याचा पुरावा म्हणून पासपोर्टवर आईवडिलांची नावं असतील तर ते पान, नाहीतर मुलाचा जन्मदाखला चालतो. सुनेसाठी विवाह नोंदणीचा दाखला.

तारखांसाठी भरतीचा कागद आणि दवाखान्याचा अंतिम सारांश, म्हणजे डिस्चार्ज किंवा डेथ समरी, घ्या. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात रुग्णाचं पूर्ण नाव, लक्षणं कधी सुरू झाली, भरतीची तारीख, निदान, प्रकृती गंभीर असल्याचं आणि कुटुंबीयांनी जवळ असणं गरजेचं असल्याचं वाक्य, सही, शिक्का आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. मृत्यू झाला नसेल, फक्त आजारपण असेल, तर हाच कागद क्लेमचा कणा असतो. घरी अंथरुणावर असलेलं आजारपण बहुतेक पॉलिसींत पुरत नाही. दवाखान्यात भरती आणि जिवाला धोका, अशी अट असते.

आता कारण. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदाच, 1969 चा, दाखल्यावर ते उघड करू देत नाही. त्यामुळे दाखला पाठवला तरी विमा कंपनी ‘कारणाचा कागद कुठे?’ म्हणून विचारते आणि आपल्याला वाटतं मुद्दाम छळतात. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर डॉक्टर कारणाचा वेगळा नमुना भरतात, तो फॉर्म 4. घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फॉर्म 4ए. 2023 च्या दुरुस्तीनंतर या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं अपेक्षित आहे, म्हणून निघतानाच मागा. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यातला मृत्यू असेल तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, पण पाठपुरावा तुमचाच.

राहिला आधीच्या आजारांचा मुद्दा. अंतिम सारांशात पहिल्याच ओळीत ‘के/सी/ओ एचटीएन, डीएम’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे रक्तदाब आणि मधुमेह आधीपासून माहीत असलेला रुग्ण. तपासणाऱ्याची बोटं तिथेच थांबतात. ही ओळ काढून टाकायला डॉक्टरांना सांगू नका. ते खोटं ठरतं आणि सगळाच क्लेम जातो. मात्र रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात होता का, गेल्या वर्षभरात त्यासाठी भरती झाली होती का, झटका अचानक आला का, हे खरं असेल तसं डॉक्टरांनी दोन ओळींत लिहिणं योग्यच आहे. तरीही नकार आला, तर पॉलिसीच्या व्याख्येत घरच्या माणसाचे आधीचे आजार वगळले आहेत की फक्त विमा काढलेल्या प्रवाशाचे, ते नीट वाचा. पॉलिसीगणिक हे वेगळं असतं, आणि नकाराच्या पत्रात कलम क्रमांक लिहिलेला नसेल तर तो मागा.

७. क्लेमचा हिशोब

गोल आकड्यांत बघू. विमानाची तिकिटं 2,60,000, पॅरिसचं हॉटेल 72,000, स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनचं घर पाच रात्रींसाठी 1,25,000, व्हिसाचा खर्च 45,000. एकूण 5,02,000 रुपये.

विमान कंपनीने कर म्हणून 52,000 परत दिले. पॅरिसने लेखी नकार दिला. इंटरलाकेनच्या घराच्या तीन रात्री दुसऱ्या पाहुण्यांना गेल्या, म्हणून 75,000 परत आले. मग उरलेलं नुकसान: तिकिटांचे 2,08,000, पॅरिसचे 72,000, इंटरलाकेनचे 50,000, मिळून 3,30,000. व्हिसा यात धरलेला नाही, कारण तो बहुधा विम्यात बसत नाही.

चार प्रवाशांत वाटलं तर माणशी 82,500. पॉलिसीची मर्यादा माणशी 1,000 डॉलर आणि स्वतः सोसायची रक्कम 50 डॉलर असेल आणि डॉलर 85 रुपये धरला, तर मर्यादा 85,000 आणि वजावट 4,250. माणशी 78,250, चौघांचे 3,13,000. म्हणजे 5,02,000 मधले 4,40,000 हाती आले आणि 62,000 गेले. मर्यादा माणशी 500 डॉलर असती, तर विम्यातून निम्म्याहून कमी मिळालं असतं. आणि इंटरलाकेनचे 75,000 क्लेममध्ये लपवले असते, तर हॉटेलला गेलेल्या एका साध्या ईमेलवरून ते उघडकीला आलं असतं.

चौघांचे फॉर्म वेगळे भरावे लागतात का ते आधीच विचारा. एकाच फॉर्मवर चार नावं लिहून पाठवली की ती परत येण्याची शक्यता जास्त. सहल कंपनीचं परदेशी पॅकेज असेल तर तिने घेतलेला टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला आयकर, नुकसानीत धरू नका. तो तुमच्या पॅनवर जमा असतो आणि विवरणपत्रात मिळतो.

८. पाठवण्याआधी ही यादी

- भरलेला क्लेम फॉर्म, पॉलिसी, सर्व प्रवाशांच्या पासपोर्टच्या प्रती
- तिकिटं, हॉटेलचे व्हाउचर, पैसे भरल्याचे बँक किंवा कार्डाचे पुरावे
- विमान कंपनीचं रद्द-पत्र, हॉटेलचे होकार-नकाराचे ईमेल
- भरतीचा कागद, अंतिम सारांश, डॉक्टरांचं प्रमाणपत्र
- मृत्यूचा दाखला आणि कारणाचा फॉर्म
- नात्याचा पुरावा
- रद्द केलेला धनादेश, म्हणजे बँक खात्याचा तपशील

मूळ कागद मागितले तर पाठवण्याआधी सगळ्यांचे स्कॅन ठेवा आणि पोच घ्या. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती सुरुवातीलाच जास्त काढा. बँक, पेन्शन, सातबारा, सगळीकडे त्या लागणारच आहेत.

९. नकार आला तर

आधी विमा कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा. तीच तक्रार bimabharosa.irdai.gov.in वर किंवा 155255 या क्रमांकावर नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. आपला पत्ता कोणत्या कार्यालयाखाली येतो ते पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर छापलेलं असतं.

तक्रारीत घडलेली सगळी हकिगत सांगत बसू नका. नकारात दिलेलं कलम, त्याच कलमातलं तुमच्या बाजूचं वाक्य, आणि ते सिद्ध करणारा कागद, एवढंच एका पानावर मांडा. हॉटेल किंवा संकेतस्थळाने होकार देऊनही पैसे अडवले असतील तर तो विषय विम्याचा नाही. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. परदेशातल्या हॉटेलवर तिचा जोर फारसा चालत नाही, पण भारतात नोंदलेल्या संकेतस्थळावर चालतो.